कप ०.७ म्हणजे काचबिंदू की दुकानदारी?

निवृत्त_निवांत: सोसायटीच्या कॅम्पात पडद्याचा फोटो काढला. दोन्ही डोळ्यांना कप ०.७, वर 'काचबिंदू संशयित' असा शिक्का. डोळ्याचं प्रेशर १६. चष्मा लावून शेवटची ओळ वाचतो, रात्री गाडी चालवतो. आकडा दाखवून घाबरवायचं, मग तंतूंची जाडी मोजणारं ओसीटी स्कॅन, नजरेचा घेर तपासणारी फील्ड टेस्ट, दर सहा महिन्यांनी हजेरी. दिसतंय तोवर काचबिंदू कसला? निव्वळ धंदा!

भिंगवाली: काका, आकड्यावरची तुमची चिडचिड मला पटते, पण ते 'दिसतंय तोवर काचबिंदू कसला' वाचलं आणि राहवलं नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, काचबिंदूच्या ओपीडीत बसते, हे वाक्य घेऊनच लोक येतात आणि त्यातल्या काहींचं एका डोळ्याचं अर्धं फील्ड गेलेलं असतं.

आधी ०.७ चं बघू. डिस्क म्हणजे पडद्यावर दिसणारं डोळ्याच्या नसेचं गोल टोक, कप म्हणजे तिच्या मधला खळगा, आणि भोवती उरतं ते नसेच्या तंतूंचं कडं म्हणजे रिम. ०.७ म्हणजे कप डिस्कच्या ०.७ पट. कप किती हे डिस्क किती मोठी यावर आहे आणि तुमच्या शिक्क्यावर डिस्कचं माप कुठेच नाही. समजा तुमची डिस्क उभी २.२ मिमी आहे, म्हणजे मोठी. त्यात ०.७ चा कप धरला तर वर-खाली मिळून ०.६६ मिमी रिम उरते. दुसऱ्या कुणाची डिस्क १.४ मिमी, कप ०.५, रिपोर्टवर 'नॉर्मल'. त्याची उरते ०.७. जवळपास तुमच्याइतकीच! शिवाय तुमचं कडं मोठ्या घेराचं, त्यामुळे दोन्ही गोल धरून क्षेत्रफळ काढलं तर तुमची रिम सुमारे १.९ चौरस मिमी आणि त्याची १.१५. कागदावर संशयित तुम्ही आणि तंतूंना जागा कमी त्याच्याकडे.

म्हणून आम्ही आकड्याआधी रिम बघतो. साधारणपणे खालची सगळ्यात जाड, मग वरची, मग नाकाकडची, कानाकडची सगळ्यात बारीक. काचबिंदू बहुतेकदा खाली-कानाकडे किंवा वर-कानाकडे कुरतडायला लागतो. उजव्या डोळ्याच्या फोटोत सात वाजताची जागा बघा, तिथे रिम अचानक बारीक झाली असेल, शेजारी ज्वाळेसारखी रक्ताची बारीक रेघ असेल किंवा तिथून निघालेला तंतूंचा काळपट पट्टा दिसत असेल तर कप ०.४ असला तरी मी सोडत नाही. दोन डोळ्यांच्या डिस्क सारख्या आणि कपात ०.२ हून जास्त फरक असेल तरीही. तुमचे दोन्ही ०.७ आहेत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

चौकस: एवढं कशाला? प्रेशर २१ च्या आत आहे ना, मग काचबिंदू होतच नाही. प्रेशरशिवाय नस मरणार कशी?

भिंगवाली: होतो, आणि आपल्याकडे चांगलाच होतो. प्रेशर दिवसभर एकसारखं नसतं आणि कॉर्निया पातळ असेल तर मशीन कमी दाखवतं. काकांच्या १६ सोबत कॉर्नियाची जाडी मोजलीय का? ती ४८० मायक्रॉन निघाली तर त्या १६ वर मी निर्धास्त बसणार नाही.

सोनचाफा: माझ्या आईचं सांगते. कप ०.५, प्रेशर १७, तीन वर्षं 'ऑल ओके'. चौथ्या वर्षी मोतीबिंदूसाठी दुसरीकडे गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून भिंगातून बघितलं, म्हणाले डिस्क लहान आहे, तिच्यात ०.५ म्हणजे खूप झालं, उजवीकडे खालची रिम जवळजवळ संपलीय. फील्डमध्ये वरचा नाकाकडचा कोपरा काळा. आईला काही जाणवत नव्हतं कारण तो भाग डावा डोळा भरून काढत होता!! हाताने डावा झाकला तरी तिला 'काळं' असं दिसत नाही, भिंतीवरचं घड्याळ नुसतं नसतंच. जुना फोटो मागितला तर त्या जागेवर रक्ताची रेघ होती. कुणी लिहिली नव्हती.

पेठेतला: म्हणजे फोटो काढणारे बघत नाहीत आणि बघणारे फोटो काढत नाहीत. ओसीटीमागे रेफर करणाऱ्याला किती सुटतात ते पण लिहा की.

मायनस_आठ: ओसीटीचं बोलूच नका. माझा रिपोर्ट लालेलाल. प्रेशर उतरवायचे थेंब सुरू केले, डोळे कायम लाल, पापण्यांखाली काळं. पाच वर्षांनी दुसरे डॉक्टर म्हणाले, मायनस आठमध्ये डिस्क तिरकी असते, तंतूंचे गठ्ठे कानाकडे सरकलेले असतात, मशीन मात्र तुलना करतं कमी नंबरवाल्या डोळ्यांशी, म्हणून लाल. जुने सगळे फोटो आणि फील्ड ओळीने लावले, काही हललेलं नाही. थेंब बंद. ती पाच वर्षं कोण देणार?

चौकस: मग तेच तर म्हणतोय. टेस्ट केली की रोग सापडतो.

सोनचाफा: तुम्ही प्रेशर म्हणत होतात, आता टेस्ट म्हणताय. एक काहीतरी धरा.

पेठेतला: मिरची लागली वाटतं. मायनस आठवाल्यांना फसवलं हे खरं की नाही?

भिंगवाली: फसवलं की घाईत रंग वाचला, मला माहीत नाही. रंगावर थेंब सुरू करू नयेत हे मान्य, शंभरदा मान्य. पण मायनस आठ, तुम्ही सुटलात ते जुने फोटो आणि फील्ड होते म्हणून, ओसीटी काढू नका म्हणून नाही. आणि कमिशनचा वेगळा धागा काढा ना, मीच पहिली येते भांडायला.

पेठेतला: येणार नाही तुम्ही. तुमच्याच ओपीडीत मशीन आहे.

भिंगवाली: आहे. आणि रोज त्यातले लाल रिपोर्ट 'नॉर्मल, मोठा मायनस' म्हणून परत पाठवते, त्याचे मला कुणी वेगळे देत नाही.

मायनस_आठ: नशीब आमचं, तुम्ही त्या वेळी तिथे नव्हतात. (चेष्टा करतोय ताई.)

अभ्यासू_बोका: २००२ चा अमेरिकेतला ऑक्युलर हायपरटेन्शनचा अभ्यास बघा. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के. म्हणजे न घेता ९० टक्के ठीक राहिले! आता बोला.

भिंगवाली: आकडे बरोबर, लावलेत चुकीच्या जागी. ती माणसं प्रेशर वाढलेली पण डिस्क आणि फील्ड चांगलं असलेली होती. काकांचं उलट आहे, प्रेशर १६ आणि शंका डिस्कवर. आणि त्याच अभ्यासात ज्यांना झाला त्यांच्यात निम्म्याहून जास्त जणांत पहिला पुरावा डिस्कवर मिळाला, फील्डवर नाही. पाव ते एक तृतीयांश तंतू गेलेले असतात तेव्हा कुठे फील्डमध्ये नीट पकडता येतं. काकांची शेवटची ओळ तर त्याच्याही खूप नंतर जाते.

अभ्यासू_बोका: मग संशयिताला थेंब द्यायचे की नाही, हे तुम्हीही सांगत नाही.

भिंगवाली: मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, देणारी मी नाही. आणि देणाऱ्यांतही यावर एकमत नाही. माझ्या ओपीडीतले दोन डॉक्टर एकाच डिस्ककडे बघून वेगळं बोलतात. भिंगातून दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर खोली कळते, सपाट फोटोत ती कळत नाही. फोटोत आपण फिका रंग कुठे संपतो ते बघून कपाची कड धरतो, खरी कड बारीक रक्तवाहिनी जिथे वाकते तिथे असते. पसरट कपात रंग गुलाबी राहतो आणि कप लहान वाटतो. उलटही होतं.

निवृत्त_निवांत: बरं बाई, एवढा वर्ग घेतलात तर करतो. डिस्क मोजून घेतो. पण थेंब घेणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

भिंगवाली: थेंब घ्या असं या धाग्यात अजून कुणी म्हटलेलं नाही, काका. बाहुली मोठी करून भिंगाखाली डिस्कची उंची मोजायला सांगा. स्लिट लॅम्पवर नव्वद डीचं भिंग असेल तर पट्टीवरचा आकडा सुमारे १.३ ने गुणायचा. १.७ वाचला तर २.२ मिमी, म्हणजे मोठी डिस्क. पण बाहुली मोठी करायच्या आधी गोनिओ करून, म्हणजे खास भिंग लावून, डोळ्यातलं पाणी जिथून निघतं तो कोन बघायला सांगा, ते कॅम्पात होत नाही. एक फील्ड आणि एक फोटो जपून ठेवा, पुढच्या वर्षीचा त्याच्याशेजारी ठेवायला. घरात कुणाला काचबिंदू होता का, हे तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

निवृत्त_निवांत: थोरल्या भावाला आहे. त्याचा इथे काय संबंध?

सोनचाफा: अहो काका!!

पेठेतला: बघा, आता भावाचीही ओसीटी काढायला लावतील.