वहिनीची दोन पॅन: जुनं परत करण्याआधी एफडीचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतोय. वहिनीचं माहेरच्या नावाचं पॅन होतं. लग्नानंतर एजंटाने नावदुरुस्तीऐवजी नवीनच काढून दिलं! आधार आणि पगार नव्याला जोडलेत. बडोद्याची एफडी मात्र जुन्यावर, आणि ते आधारविना निष्क्रिय झाल्याने व्याजावर २० टक्के टीडीएस कापला जातोय. दंड १०,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो, म्हणून नोटिशीआधीच निपटवायचंय. दुरुस्ती अर्जात चालू ठेवायचं पॅन वर लिहून, जादा पॅनच्या रकान्यात जुनं भरायचं, एवढं कळलंय. पण त्याआधी बँकेत पॅन बदलून घ्यावं ना? आणि जुन्यावर कापलेला टीडीएस नव्यावर आणायला बँक आपलं टीडीएस रिटर्न दुरुस्त करून देते का? कुणी करून घेतलंय?