दोन तोडे बघून सेकंड क्लास? गांधर्वच्या प्रॅक्टिकलबद्दल बोलायचंय

लेकीची_आई_कोथरूड
लेक आठवीत, कथक, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा प्रथम परीक्षा. चार वर्षं नियमित क्लास, घरी रोज तासभर रियाझ. बाहेरगावहून आलेल्या परीक्षक मॅडमनी दोन तोडे आणि थोडा ततकार बघितला आणि म्हणाल्या, "बस, आता रूपक म्हण. हातावर. दुगुण कर." पोरगी गडबडली. निकाल सेकंड क्लास. नाचाच्या परीक्षेत नाच न बघता पोपटपंची विचारायची असेल तर परीक्षा द्यायचीच कशाला? आणि बाहेरचा परीक्षक म्हणजे निष्पक्ष, हे ठरवलं कुणी?

सांगलीची_ताई
"पोपटपंची" वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. बावीस वर्षं क्लास चालवते, दर सत्राला मुलं बसवते, म्हणून लांबलचक लिहिते. राग आला तर येऊ द्या.

पढंत हा कथकच्या प्रॅक्टिकलचाच भाग आहे, तोंडी परीक्षेची शेपटी नव्हे. जो तोडा पायांनी केला तो तोंडाने म्हणून हातावर दाखवता आला पाहिजे, नाहीतर मुलीने फक्त क्रम पाठ केलाय, मात्रा नाही. परीक्षक तेच तपासतात. चार वर्षं बसवलेले तोडे कुणीही सफाईने करेल. न बसवलेलं विचारल्यावर खरं कळतं.

आता रूपक. तुमची लेक कुठे गडबडली हे मी न बघता सांगू शकते. दोन जागा असतात. पहिली म्हणजे समच. तीनतालात, झपतालात समेवर टाळी असते, रूपकात पहिल्याच मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. ती ती ना, धी ना, धी ना. सवयीने पहिल्या "ती"ला टाळी पडते आणि परीक्षकाच्या पेन्सिलीला काम मिळतं. दुसरी जागा दुगुणीची, म्हणजे दुप्पट लयीत म्हणण्याची. झपतालात एकदाच दुगुण म्हणायची तर पाच मात्रा सोडून सहावीपासून, आणि सहावीला नेमकी खाली येते, म्हणून मुलांना ती खूण सोपी जाते. रूपक सातचा. त्याचा निम्मा साडेतीन. म्हणजे चौथ्या मात्रेच्या मध्यापासून उचलायची, जिथे हाताला काहीच खूण नाही. झपतालची युक्ती वापरायला गेलं की पोरं चौथीवर किंवा पाचवीवर सुरू करतात आणि समेला अर्धी मात्रा इकडे तिकडे होते. हे टाळायचं तर पूर्ण आवर्तनात दुगुण दोनदा म्हणायची, समेपासून. क्लासमध्ये हे कुणी सांगितलं नसेल तर गाऱ्हाणं क्लासकडे न्या.

आणि एक. दुगुण म्हणताना हात पहिल्याच लयीत राहायला हवा. दहातल्या सात मुलांचा हात बोलांबरोबर पळायला लागतो. हात पळाला की ती दुगुण नाहीच, नुसती घाई. आम्ही तोंडाकडे बघतच नाही, हाताकडे बघतो.

लेकीची_आई_कोथरूड
"आम्ही" म्हणजे? तुम्हीही परीक्षक का? मग बरोबर आहे, आपल्याच लोकांची बाजू.

सांगलीची_ताई
दोनदा गेले आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. स्वतःच्या मुलांना आम्हीच मार्क देत नाही, एवढ्यासाठीच बाहेरचा माणूस असतो. त्याला तुमची लेक गोड आहे की मेहनती, हे ठाऊक नसतं. तेच अपेक्षित आहे.

गुरुकुलवाला
निष्पक्ष म्हणे. आमच्या गावी परीक्षक आले ते आमच्या गुरुजींचे गुरुबंधू. आधी घरी जेवण, मग परीक्षा. सगळ्यांना फर्स्ट क्लास. मुळात घराण्यांत असली सर्टिफिकेटं नव्हती. गुरूने सांगितलं "आता बस मैफलीला" की झालं. हा सगळा कारकुनी कारभार नंतरचा.

जुना_तबलजी
गुरुकुलवाले, हा "नंतरचा कारकुनी कारभार" पलुस्करबुवांच्या विद्यालयातूनच आलाय हो. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते ठरावीक अभ्यासक्रमाने, चार भिंतींत, फी घेऊन शिकवायला. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच असणार. परीक्षा घेणारं मंडळ 1931 चं, बुवा गेल्यानंतर शिष्यांनी उभं केलेलं. जेवणाची गोष्ट मात्र खरी आहे, मीही जेवलोय.

मीनमेख काढायचीच तर ताईंनी एक गोष्ट सोडली. मी परीक्षांना साथ करतो. आजकाल मुलं मोबाईलवरच्या लेहऱ्यावर रियाझ करतात, लय एकच, गोठलेली. केंद्रावर जिवंत तबला आणि पेटी असते. पोरगी येते, नमस्कार करते आणि माझ्याकडे बघत राहते. अगं, लय तू द्यायची! "ता थेई थेई तत, आ थेई थेई तत" तुला हवी त्या लयीत एकदा म्हण, मी तिथूनच उचलतो. काही न सांगता उभी राहिली तर मी मध्यलय धरतो. ती तिच्या मोबाईलपेक्षा थोडी चढी निघाली की चौगुणीला पाय अडखळतात, आणि मग आया म्हणतात तबलेवाल्याने घोटाळा केला. कोथरूडच्या ताई, तुमच्या लेकीने लय दिली होती का?

लेकीची_आई_कोथरूड
ते मला कसं माहीत असणार? आम्हाला दाराबाहेर उभं करतात.

दहावीचा_बाप
सगळे नाचाबद्दल बोलताय, मुद्द्याचं कुणी बोलत नाही. दहावीचे वाढीव गुण! तीन परीक्षा पास असतील तर 10, पाच असतील तर 15. श्रेणी कुणी विचारत नाही, पास असणं बघतात. मग सेकंड क्लासचं रडगाणं कशाला? चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ग्रेड बघतात, तिथे रडा हवं तर.

सांगलीची_ताई
आला बाजार.

दहावीचा_बाप
बाजार काय? हिशोब सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पाचवीला प्रारंभिक, सहावीला प्रवेशिका प्रथम, सातवीला प्रवेशिका पूर्ण, आठवीला मध्यमा प्रथम, नववीला मध्यमा पूर्ण. पाच झाल्या. कोथरूडच्या ताईंची मुलगी बरोब्बर मार्गावर आहे, एक वर्ष चुकलं तर गणित कोसळतं. नववीची परीक्षा एप्रिल-मेच्या सत्रात उरका. दहावीच्या नोव्हेंबर-डिसेंबरला बसलात तर निकाल आणि सर्टिफिकेट येईपर्यंत शाळेचा प्रस्ताव बोर्डाकडे गेलेला असतो. कागद हातात नसेल तर नुसतं "पास आहे हो" चालत नाही.

आमचं तर वेगळंच झालं. क्लासने "हुशार आहे, थेट बसू दे" म्हणून मुलाला पहिल्या दोन परीक्षा न देताच प्रवेशिका पूर्णला बसवलं. तेव्हा छाती फुगली. आता मोजतो तर मध्यमा पूर्णपर्यंत तीनच सर्टिफिकेटं. पातळी पाचवी, परीक्षा तीन. 15 मिळणार की 10? शाळेत कारकून एक सांगतो, मुख्याध्यापक दुसरंच.

गुरुकुलवाला
बघा. पाच गुणांसाठी तबला.

दहावीचा_बाप
तुमच्या मुलाला अकरावीला प्रवेश घ्यायचा नसेल, आम्हाला घ्यायचाय.

श्रेया_नव्हे_श्रिया
सर्टिफिकेटचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. माझं नाव श्रिया. फॉर्म क्लासतर्फे गेला, सरांनी घाईत "श्रेया" भरलं. प्रारंभिकला आईने म्हटलं जाऊ दे, लहान आहे. मग पुढच्या प्रत्येक फॉर्मला आधीचं सर्टिफिकेट बघून तेच नाव चालत राहिलं. दहावीला शाळा म्हणाली, ही श्रेया कोण? चार कागदांवर चुकीचं नाव, आधार आणि दाखल्यावर बरोबर. दुरुस्तीचे अर्ज, मूळ प्रती परत पाठवणं, आजोबांच्या खेपा. गुण मिळाले नाहीत ते नाहीतच. फॉर्म भरताना आई-बापांनी स्वतः बसून एकेक अक्षर बघा, आणि पहिला कागद हातात आला त्याच दिवशी वाचा. नाचाला फर्स्ट क्लास होता, कुणी विचारलं नाही.

दहावीचा_बाप
हे मात्र सोन्यासारखं सांगितलंत. आत्ताच कपाट उघडून बघितलं. आमच्या एका कागदावर वडिलांच्या नावात "द"चा "ध" झालाय.

जुना_तबलजी
कथकचा धागा होता, आता सेतू कार्यालय झालंय.

पियानोवाल्याची_आई
मला परीक्षकच खटकतो तो वेगळ्या कारणाने. धाकटा लंडनच्या एबीआरएसएम या संगीत मंडळाच्या पियानोच्या ग्रेड परीक्षा देतो, तिथेही बाहेरचाच परीक्षक येतो. पण निकालाबरोबर कागद येतो. 150 पैकी एकूण, तीन तुकड्यांना प्रत्येकी 30, स्केल्सना वेगळे, समोर ठेवलेलं नवं वाचून वाजवायला वेगळे, कानाच्या चाचणीला वेगळे. प्रत्येकापुढे दोन ओळी शेरा, "डावा हात जड" असं. 100 ला पास. मूल नापास झालं तरी कुठे ते कळतं. आमच्या मोठीला गांधर्वच्या प्रवेशिकेला नुसता आकडा मिळाला. कोथरूडच्या ताईंचा राग तिथला आहे, असं मला वाटतं.

सांगलीची_ताई
हे मान्य. मी स्वतः शेरे लिहीत नाही, कारण कागदावर त्यासाठी जागाच नसते आणि एका दिवसात मुलं इतकी असतात की पाणी प्यायला उठता येत नाही. पण तिथल्या फीचा आकडा टाका की इथे, मग बोलू.

पियानोवाल्याची_आई
फी नको विचारू. त्यात तबल्याची अख्खी जोडी येते.

गुरुकुलवाला
म्हणजे ज्याच्याकडे पैसे त्याला शेरा. उत्तम.

सांगलीची_ताई
गुरुकुलवाले, तुमचं एक तरी वाक्य उपयोगाचं येऊ द्या.

गुरुकुलवाला
घ्या. विशारद पूर्णला मंचावर बसावं लागतं, लोकांसमोर. तिथे मी स्वतः नापास झालोय, एकदा. चाळीस माणसं बसली होती आणि बडा ख्याल तीन मिनिटांत संपला, पुढे काय करायचं सुचेना. गुरूने "बस मैफलीला" असं आधीच म्हटलेलं होतं. बस. एवढंच.

जुना_तबलजी
अहो, हे आधी सांगायचं. वीस प्रतिसाद वाचले असते.

लेकीची_आई_कोथरूड
काल रात्री लेकीला रूपक म्हणायला लावला. पहिल्या "ती"ला टाळी. मी काही बोलले नाही, तिनेच हात मधेच थांबवला आणि म्हणाली, "आई, परीक्षेत पण अशीच दिली." तबलेवाल्यांना लय दिली नव्हती, "ते आपोआप वाजवतात" असा तिचा समज होता. ताई, तुमचा सूर अजूनही आवडलेला नाही, पण पढंतीबद्दल क्लासमध्ये विचारणार आहे. दोन तोडे बघून नाच कळतो यावर माझा विश्वास नाही, तो बसणारही नाही. आणि दहावीचे बाबा, मध्यमा पूर्णचा फॉर्म एप्रिल-मेच्या सत्राचा कधी सुटतो ते सांगा. मुलीच्या नावात जोडाक्षर आहे.