उत्तर: सर्वात लांब काम म्हणजे क्रिटिकल पाथ नव्हे

> "सुताराला ८ दिवस लागणार, सगळ्यात मोठं काम तेच. मग क्रिटिकल पाथ तोच ना?"

नाही, क्रिटिकल पाथ म्हणजे एक संपल्यावरच दुसरं सुरू होणाऱ्या कामांची सगळ्यात लांब साखळी, तिच्यावरच शेवटचा दिवस ठरतो. लांबी बघायची ती साखळीची, एकट्या कामाची नव्हे. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतून राजारामपुरीत दहा टेबलांचं ऑफिस न्यायचंय असं धरा. वायरिंग ३ दिवस, खोबण्या बुजवून पुट्टी वाळायला ३, रंग ४. इथे १० दिवस झाले. मग टेबलं बसवणं १, नेटवर्क पॉइंट तपासणं १, सामान हलवणं १, म्हणजे एकूण १३. टेबलं वर्कशॉपमध्ये बनतात आणि रंग झाल्याशिवाय बसत नाहीत, त्यामुळे सुताराकडे २ दिवसांची सवड आहे. तो ३ दिवस चुकला तरच शिफ्टिंग १ दिवस पुढे जातं. त्याच्या मागे लागण्यापेक्षा वायरमन पहिल्या सकाळी हजर आहे का ते बघा.

यादीत बहुतेक जण इंटरनेट जोडणी विसरतात. नव्या पत्त्याचा पुरावा लागतो म्हणून आधी भाडेकरार, त्याला २ दिवस, मग जोडणीला ९. बेरीज ११, आणि बाराव्या दिवशी तर पॉइंट तपासायचेत. म्हणजे इथेही सवड शून्य, क्रिटिकल पाथ दोन झाले! करार एक दिवस रेंगाळला की रंग वेळेत होऊनही उपयोग नाही.

आणि पुट्टी वाळणं हेही कामच धरा. पेंटर दुप्पट केले तरी ते लवकर आटपत नाही, आणि आपल्याकडच्या जुलैत ३ चे ५ दिवस सहज होतात.