माल्टिटॉल पूर्ण वजा करू नये
«वेष्टनावर नेट कार्ब ५ ग्रॅम लिहिले आहे, तरी चॉकलेट खाल्ल्यावर साखर का वाढते?»

आपल्या चॉकलेटमध्ये गोडीसाठी माल्टिटॉल असेल, तर घोळ बहुधा तिथेच आहे. समजा, एकूण कर्बोदके २४ ग्रॅम, तंतू ३ आणि माल्टिटॉल १६ ग्रॅम आहे. उत्पादक एकूण कर्बोदकांतून तंतू व माल्टिटॉल दोन्ही पूर्ण वजा करून उरलेले ५ ग्रॅम नेट कार्ब म्हणून छापतो. परंतु माल्टिटॉलचा बराच भाग लहान आतड्यात पचतो व त्यातून ग्लुकोज रक्तात उतरते, म्हणून त्याचा निम्माच भाग वजा करण्याचा संकेत आहे: २४ − ३ − ८ = १३ ग्रॅम. एरिथ्रिटॉल हे गोडीसाठी वापरले जाणारे दुसरे द्रव्य मात्र शोषले गेले तरी बहुतांशी न बदलता लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे ते पूर्ण वजा केले तरी चालते. निम्म्याचा हा नियमही ढोबळच आहे, आणि इन्सुलिनची मात्रा यावर ठरवणाऱ्यांनी छापील ५ वर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

वेष्टन युरोपातले असेल, तर तेथील कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेलेच नसतात; ते पुन्हा वजा केल्यास हिशेब आणखी चुकतो. खाण्यापूर्वी आणि नंतर एक व दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहिल्यास फरक दिसेल.