ठिबक आणि फवारणी पंप: कंपनी बघू की जवळचा विक्रेता?

नवाशेतकरी_दीड
दीड एकरात भाजीपाला आहे, दोन ओळींत दीड मीटर अंतर. इनलाइन ठिबक टाकायचंय, ड्रिपर ४० सेंमीवर, ताशी २ लिटरचा. नेटाफिम आणि जैन दोन्हीची कोटेशन्स आलीत, पण दोघांचेही विक्रेते लांब आहेत. जवळचा दुकानदार तिसऱ्याच कंपनीचा माल ठेवतो. पाठीवरचा बॅटरी पंपही घ्यायचाय. सर्व्हिस कोणाची मिळेल हे आधी कसं ओळखायचं?

जाडपाइप
कंपनीच्या नावात काही नाही भाऊ. जाड भिंतीची नळी घ्या, दहा वर्षं बघायला नको. वर्षातून एकदा ॲसिड सोडलं की ड्रिपर चोक होतच नाहीत.

ओलावा_काकू
जाड नळी उचलताना-गुंडाळताना टिकते, एवढं खरं. पण ॲसिडने फक्त क्षार सुटतात. शेवाळ आणि बुळबुळीत घाण असेल तर क्लोरीन लागतं. दोन्ही एकत्र कधी करायचं नाही, विषारी वायू होतो.

नवाशेतकरी, मला एक सांग. कोटेशन देणाऱ्यांपैकी कोणी तुझ्या मोटरीचं पाणी मोजलं का?

नवाशेतकरी_दीड
नाही काकू. एकाने फोनवरच क्षेत्र विचारलं, दुसरा येऊन बांधावरून बघून गेला.

ओलावा_काकू
मग आधी तूच मोज. २०० लिटरचा बॅरल किती सेकंदांत भरतो ते बघ.

ट्रॅक्टरवाला_नाना
मी पाठीवरचा पंप कधीच सोडला. ट्रॅक्टरवरचा एचटीपी फवारणी पंप घ्या, तासाभरात रान मोकळं.

नवाशेतकरी_दीड
नाना, ट्रॅक्टर नाही हो माझ्याकडे 🙂
काकू, बॅरल तीनदा भरून बघितला. दर वेळी ७२ सेकंद लागले.

ओलावा_काकू
म्हणजे ताशी १०,००० लिटर. आता गरज काढू. एकरात साधारण २,७०० मीटर नळी बसेल, तिच्यावर पावणेसात हजार ड्रिपर. ताशी २ लिटर धरले तर एकराला साडेतेरा हजार लिटर. तुझी मोटर एक एकरसुद्धा एका वेळी चालवू शकत नाही! दीड एकराचे दोन भाग केले तरी एका भागाला दहा हजाराच्या थोडं वरच लागतं, आणि बॅरलमध्ये मोकळं पडणारं पाणी फिल्टरमधून दाबाने जाताना आणखी कमी होतं. अर्ध्या-अर्ध्या एकराचे तीन भाग कर.
प्रत्येक भागाला एक व्हॉल्व लागतो. आता दोन्ही कोटेशन्समध्ये व्हॉल्व किती धरलेत बघ.

नवाशेतकरी_दीड
एकात दोन. दुसऱ्यात एकच 😐

ओलावा_काकू
मग सर्व्हिस कशी मिळणार त्याचा अंदाज तुला आलाच. पाणी न मोजता माल विकणारा माणूस उद्या शेवटच्या ओळीला पाणी येत नाही म्हटल्यावर 'तुमचं पाणीच खराब' एवढंच सांगेल. आमच्याकडे तसंच झालं. पहिल्या ओळीच्या ड्रिपरखाली सहा मिनिटं कप ठेवला तर २०० मिली पाणी आलं, शेवटच्या ओळीत १३०. विक्रेता दोन हंगाम चोक काढायला सांगत राहिला. शेवटी शेजारच्या मुलाने फिल्टरच्या आधी आणि नंतर दाबाचं घड्याळ लावलं, दोन्हीकडे जवळजवळ सारखाच दाब. म्हणजे फिल्टर साफ होता, ओळींना पाणी पुरवणारी सबमेनच बारीक पडली होती. पहिल्या दिवशी बिलाआधी ही कपाची चाचणी विक्रेत्यासमोर कर आणि आकडे त्याच्या सहीने लिहून घे.

दुकानवाला_नको
आणखी एक. सगळ्या '१६ एमएम' नळ्या सारख्या नसतात. आतला व्यास थोडा वेगळा असतो, म्हणून एका कंपनीचा जॉइनर दुसरीच्या नळीत सैल बसतो, नाहीतर जातच नाही. आमच्याकडे कुदळीने नळी तुटली की जवळ मिळेल तो जॉइनर ठोकतात आणि तिथे महिनाभर डबकं राहतं. लांबच्या कंपनीची नळी घेणार असाल तर जॉइनर, टेक-ऑफ, ग्रोमेट, एंड कॅप पिशवीभर त्याच दिवशी घ्या.

नवाशेतकरी_दीड
आणि फवारणी पंप?

दुकानवाला_नको
पंप जवळच्याकडूनच घ्या. दुकानात जाऊन म्हणायचं, या मॉडेलचा ट्रिगर, डायफ्राम आणि चार्जर दाखवा. काउंटरवर ठेवले तर घ्या, 'मागवून देतो' म्हणाला तर बाहेर पडा. फवारणी मध्येच थांबली तर सुट्या भागासाठी चार दिवस थांबता येत नाही, कारण कीड थांबत नाही.

जाडपाइप
डबल मोटरचा घ्या, दाब भरपूर.

दुकानवाला_नको
डबल मोटर असली तर बॅटरीही लवकर उतरते. भाजीपाल्यावर बारीक फवारा हवा, तो मुख्यतः नोझलवर ठरतो. आणि रोज धुवायचा कंटाळा असेल तर कोणतीही मोटर टिकत नाही.

नवाशेतकरी_दीड
जवळच्या दुकानदाराला बॅरलचा आकडा सांगितला. तो म्हणाला उद्या सकाळी स्वतः येतो, टेप घेऊन. पण त्याच्या कंपनीचं नाव मी आधी ऐकलेलं नाही, अजून धाकधूक आहे.

ओलावा_काकू
येऊ दे. किती व्हॉल्व सांगतो ते इथे टाक.