शाळेचं डोळे तपासणीचं पत्र आलंय, थेंबांबद्दल मदत हवी आहे

दुसरीतलीची आई, सिंहगड रोड
काल लेकीच्या डायरीत पत्र आलं. गुरुवारी शाळेत डोळे तपासणार आहेत, संमतीची सही हवी आहे. पुढे लिहिलंय, "दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले जातील. एका जरी डोळ्याने 6/9 ची ओळ वाचता आली नाही तर चिठ्ठी मिळेल. पंधरा दिवसांत नेत्रतज्ज्ञांकडून थेंब घालून तपासून चिठ्ठी भरून आणावी." ही तर लांबून येणाऱ्या पीएमटीची पाटी वाचते! सही करायची का? थेंब शाळेतच घालतात का? सोमवारपासून चाचणी आहे, म्हणून काळजी वाटते.

कोथरूडकर
मोबाईल बंद करा, रोज मैदानावर पाठवा, नंबर आपोआप जाईल.

चष्मेवाली मावशी
माझ्या मुलाला अठराव्या वर्षी लेसर करायचंय. पुण्यात साधारण किती खर्च येतो?

ऑप्टोमेट्रिस्ट, शाळांच्या शिबिरांना जाते
मावशी, लेसरसाठी वेगळा धागा काढा ना.

ताई, सही जरूर करा. शाळेत थेंब घालत नाहीत, फक्त तक्ता वाचून घेतात. पाटी ती दोन्ही डोळ्यांनी वाचते, आणि तिथेच फसगत होते. मागे दुसरीतलाच एक मुलगा दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ घडाघडा वाचायचा. उजवा डोळा झाकला की मान वळवून बोटांच्या फटीतून बघायचा. मी त्याचा डोळा स्वतःच्या तळहाताने नीट झाकला, तर डाव्याने 6/18 च्या खाली काहीच वाचेना. थेंब घातल्यावर डाव्याला अधिक चारचा नंबर निघाला. चांगल्या डोळ्यावर सगळं भागत होतं, त्यामुळे त्यानं कधी तक्रारच केली नाही. त्याला चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी.

थेंब घालतात कारण मुलं डोळ्यावर ताण देऊन अधिक नंबर लपवतात. नंतर जवळचं धूसर दिसतं. सहसा दुसऱ्या दिवशी उतरतं, पण अ‍ॅट्रोपिन दिलं तर आठवडा-दोन आठवडेही लागू शकतात. कोणतं घालणार ते आधीच विचारा.

कोथरूडकर, मैदानाचं अर्धं खरं आहे. उणे नंबर लागायला त्यानं उशीर होऊ शकतो, पण लागलेला नंबर जात नाही.

दुसरीतलीची आई
आत्ता तिचा एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचून घेतले. उजवा झाकल्यावर ती दोन पावलं पुढे सरकली. सही केली. चिठ्ठी आली तर थेंब चाचणीनंतर घातले तर चालेल?

ऑप्टोमेट्रिस्ट, शाळांच्या शिबिरांना जाते
चार दिवसांनी बिघडत नाही. चाचणी संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची वेळ आजच घेऊन ठेवा. आणि ताई, पुढे सरकली म्हणालात ना, मग गुरुवारी चिठ्ठी आली नाही तरी ती वेळ रद्द करू नका.

कोथरूडकर
पट्टी सातव्या वर्षानंतर उपयोगाची नसते असं आमचे डॉक्टर म्हणाले होते.

ऑप्टोमेट्रिस्ट, शाळांच्या शिबिरांना जाते
लवकर सुरू केलेली बरी, हे खरं. पण सातनंतरही सुधारलेली मुलं मी पाहिली आहेत. कुणाला किती फरक पडेल ते आधी सांगता येत नाही.