पुरणपोळी मराठीत, मग शीर्षक इंग्रजीत का?

सांगलीची_सुगरण: माझे पाककृतींचे व्हिडिओ सांगली-कोल्हापुरात बघतात तसे न्यू जर्सीतही. आता सगळं इंग्रजीतच करावं म्हणते. तिकडच्या मुलांना मराठी कुठे येतं?

खवचट_खानदेशी: येतं की! माझ्या तिकडच्या भाच्याला घरातलं सगळं बोलणं कळतं, फक्त देवनागरी वाचता येत नाही. मराठीतच बोला, खाली इंग्रजी सबटायटल द्या. आणि ते 'रवा ॲड करून घ्यायचाय' आधी बंद करा. 'घाला' म्हणायला जीभ झिजते का?

सांगलीची_सुगरण: काका, माझी सूनही 'ॲड कर'च म्हणते. लोक बोलतात तसं बोलते मी.

परदेशी_पाहुणी: शब्द शुद्ध आहेत की नाहीत ते राहू द्या, अर्थाचं बघा. एका शिऱ्याच्या व्हिडिओत बाई 'रवा तुपात परता' म्हणाल्या, खाली आलं 'फ्राय'. माझ्या लेकाने कढईभर तेल तापवलं! परतणं आणि तळणं, दोन्हींना तिकडे 'फ्राय'च. तिथे 'थोड्या तुपात, मंद आचेवर, वास सुटेपर्यंत' असं लिहावं लागतं. आणि वाटीचं माप ग्रॅममध्ये द्या. माझी वाटी सासूबाईंची आहे, तुमची कुणाची?

खवचट_खानदेशी: म्हणजे भाजणं, परतणं, तळणं हे तीन शब्द मराठीने जपले म्हणून शिरा वाचला. माझंच म्हणणं!

परदेशी_पाहुणी: तुमचं म्हणणं 'ॲड'बद्दल होतं. पण असो, जिंकलात.

तंत्रवेडा_पुणे: शीर्षकाचं कुणी बोलतच नाहीये. यूट्यूबवर एकाच व्हिडिओला मराठी आणि इंग्रजी अशी दोन शीर्षकं देता येतात. ज्याची भाषा जी लावलेली, त्याला ते दिसतं. गोम अशी की आपल्या गावातही बरेच फोन इंग्रजीवरच असतात. माझ्या आईला, जी इंग्रजी वाचत नाही, तिला आवडत्या चॅनलचं शीर्षक इंग्रजीत दिसायला लागलं आणि तिने ते उघडणंच सोडलं. म्हणून मी एकच मिश्र शीर्षक ठेवतो: `पुरणपोळी | Puran Poli`. आणि सबटायटल चित्रात छापू नका, वेगळी फाइल चढवा. ज्याला नको तो बंद करतो, आणि चूक सापडली तर व्हिडिओ पुन्हा चढवावा लागत नाही.

खवचट_खानदेशी: रोमन लिपीत पुरणपोळी! मग 'पोली' म्हणणारच पोरं.

परदेशी_पाहुणी: म्हणू देत. पण दुकानात पाकिटावर `chana dal` लिहिलेलं असतं, 'हरभऱ्याची डाळ' नाही. तेवढं तरी खाली लिहावंच लागेल. माझ्या लेकाने एकदा तूरडाळीचं पुरण केलं होतं.

सोलापूरकर: त्यात काय चुकलं? आमच्याकडे काही घरांत तुरीच्या डाळीचीही पोळी करतात.

खवचट_खानदेशी: ती पोळी नव्हे, ती चूक.

सांगलीची_सुगरण: बरं, बोलणं मराठीच ठेवते. सबटायटलं मात्र पाहुणीताईंच्या लेकाला दाखवूनच चढवणार. 'ॲड' ठेवतेय, काका.